खोक्यावरचा आकडा आणि हातातला माउस

२०२० साली लॉजिटेक कंपनीने ‘हिरो’ सेन्सर असलेल्या आपल्या गेमिंग माउससाठी एक सॉफ्टवेअर अपडेट काढला. तोवर या माउसच्या खोक्यावर १६,००० डीपीआय छापलेलं असे. अपडेट घेतला की तोच माउस २५,६०० डीपीआयचा व्हायचा. पैसे लागत नव्हते, माउस उघडावा लागत नव्हता. आतली चिप तीच, भिंग तेच, दिवाही तोच. ज्यांनी तो अपडेट घेतला त्यांचा नेम आदल्या दिवशी जसा होता तसाच राहिला. आकडा दीडपटीहून जास्त वाढला आणि हाताला काहीच कळलं नाही, यातच या आकड्याची लायकी दिसते. तरीही आज दुकानात गेमिंग माउस मागितला की सगळ्यांत मोठ्या अक्षरांत तोच आकडा समोर येतो, आणि किंमतही बहुधा त्याच्याच चढत्या क्रमाने लावलेली असते.

डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकल्यावर तो संगणकाला ‘मी हललो’ असं किती वेळा सांगतो, ती संख्या. ८०० डीपीआयला एका इंचात ८०० वेळा. विंडोजमध्ये बाणाचा वेग मधल्या खुणेवर आणि `Enhance pointer precision` बंद असेल तर अशी प्रत्येक नोंद पडद्यावरचा बाण एक पिक्सेल पुढे नेते. आपल्याकडे घरोघरी दिसणारा मॉनिटर १९२० पिक्सेल रुंद असतो. आता २५,६०० डीपीआय लावून पाहा. माउस जेमतेम दोन मिलिमीटर सरकला की बाण डाव्या काठापासून उजव्या काठाला जाऊन आदळतो. या सेटिंगवर फाइल उघडणंसुद्धा मुश्किल. म्हणूनच स्पर्धांमध्ये खेळणारे बहुतेक व्यावसायिक खेळाडू ४००, ८०० किंवा १६०० वर खेळतात आणि त्यांच्या महागड्या माउसमधला उरलेला आकडा कधी वापरतच नाहीत.

‘पण जास्त डीपीआय म्हणजे जास्त बारीक नेम ना?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचं उत्तर गणितातच आहे, म्हणून एक उदाहरण पुरतं सोडवून दाखवतो. व्हॅलोरंट या खेळात सेन्सिटिव्हिटी १ असताना माउसची एक नोंद नजर ०.०७ अंशांनी फिरवते. खेळाडूने सेन्सिटिव्हिटी ०.३५ ठेवली असेल तर एका नोंदीला ०.०२४५ अंश. आता पडदा बघू. या खेळात समोरचं दृश्य १०३ अंशांचं असतं आणि ते १९२० पिक्सेलवर पसरलेलं असतं. नेमाच्या खुणेजवळ, म्हणजे पडद्याच्या मध्यभागी, एक पिक्सेल साधारण ०.०७५ अंशांचा भरतो. याचा अर्थ ८०० डीपीआयवर खेळणारा हा खेळाडू एका पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्शाइतकी नजर हलवू शकतो. पडदा दाखवू शकेल त्याच्या तिप्पट बारकाई त्याच्याकडे आधीच आहे. त्यापुढची बारकाई डोळ्याला दिसत नाही आणि बोटांनाही साधत नाही.

डीपीआय थोडा वाढवण्याचा एक खरा फायदा मात्र आहे, तो सांगायलाच हवा. हात अगदी हळू हलायला लागला, समजा सेकंदाला एक इंच, तर ४०० डीपीआयवर पहिली नोंद जायला अडीच मिलिसेकंद लागतात. १६०० वर तेच काम सुमारे ०.६ मिलिसेकंदात होतं. म्हणून ४०० वरून ८०० किंवा १६०० वर जाऊन खेळातली सेन्सिटिव्हिटी त्याच प्रमाणात कमी करणं शहाणपणाचं आहे. ३२०० च्या पुढे उरणारा फरक इतका सूक्ष्म आहे की त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग सेन्सरमध्ये बघायचं काय? त्यासाठी तो काम कसं करतो ते समजून घेऊ. माउसच्या पोटात एक चिमुकला कॅमेरा असतो. शेजारचा दिवा पॅडवर तिरपा उजेड टाकतो, त्यामुळे कापडाचे धागे आणि त्यांच्या सावल्या उठून दिसतात. कॅमेरा सेकंदाला हजारो छायाचित्रं घेतो आणि चिप लागोपाठच्या दोन छायाचित्रांत तीच नक्षी किती आणि कुठल्या दिशेला सरकली ते काढते. सगळी गंमत इथे आहे. माउस इतक्या वेगाने गेला की दुसऱ्या छायाचित्रात आधीच्या नक्षीचा ओळखण्याजोगा भागच उरला नाही, तर चिपला माग लागत नाही. मग ती चुकीचा अंदाज बांधते, किंवा काहीच सांगत नाही. खेळणाऱ्याला काय दिसतं? तो झटक्यात मागे वळायला जातो आणि नजर एकदम जमिनीकडे किंवा आकाशाकडे फेकली जाते. खेळणारे याला ‘स्पिन आउट’ म्हणतात.

सेन्सर किती वेगापर्यंत माग ठेवू शकतो ते आयपीएसमध्ये सांगतात, म्हणजे सेकंदाला किती इंच. हा आकडा खोक्यावर बहुधा नसतो. असला तरी मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. खरा विचारायचा आकडा हाच, आणि आपल्याला तो किती हवा हे घरबसल्या काढता येतं.

मघाचाच खेळाडू घेऊ. ८०० डीपीआय आणि ०.३५ सेन्सिटिव्हिटी असेल तर पूर्ण गोल फिरायला माउस किती सरकवावा लागेल, त्याचं सूत्र असं:

```
360 / (0.07 × 0.35 × 800) = 18.4 इंच
```

म्हणजे सुमारे ४७ सेंटिमीटर. पाठीमागून गोळीबार झाला की त्याला अर्धा गोल फिरायचं असतं, म्हणजे साधारण २३ सेंटिमीटर. दचकलेला माणूस हे अंतर ०.१५ सेकंदात कापतो असं धरलं तर सरासरी वेग सेकंदाला सुमारे ६१ इंच निघतो. पण हात शून्यातून वेग घेतो, मध्ये सर्वांत वेगात असतो आणि पुन्हा थांबतो. त्यामुळे मधला वेग सरासरीच्या जवळपास दुप्पट, साधारण ११५ इंच असतो. या खेळाडूला १०० आयपीएसचा सेन्सर ऐन वेळी दगा देईल, २०० किंवा २२० चा निभावून नेईल आणि २५० चा आरामात पुरेल.

या गणिताच्या उजेडात बाजाराकडे पाहा. गेमिंग माउसमधले बहुतांश सेन्सर तैवानची पिक्सआर्ट कंपनी बनवते. माउस कुठल्याही नावाने विकला गेला तरी आत बरेचदा तिचाच सेन्सर असतो. स्वस्त माउसमध्ये सापडणारा तिचा PMW3325 हा १०० आयपीएसचा आहे. त्याच्या वरचा PAW3327 हा २२० चा. कित्येक वर्षं उत्तम म्हणून नावाजलेला PMW3360 हा २५० चा, आणि महाग बिनतारी माउसमधला PAW3395 हा ६५० चा. यातल्या पहिल्या आणि दुसऱ्या सेन्सरमध्ये खेळ बिघडणं आणि खेळ चालणं इतकं अंतर आहे. तिसऱ्या आणि चौथ्यातला वेगाचा फरक आपल्या खेळाडूच्या हातापर्यंत पोचतच नाही. ६५० आयपीएस म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटर. पॅडवर इतक्या वेगाने हात नेणारा माणूस मी पाहिलेला नाही. PAW3395 चा खरा गुण वेगळा आहे, तो वीज कमी खातो. म्हणून बिनतारी माउसमध्ये लहान बॅटरी चालते आणि वजन उतरतं. जाहिरातीत मात्र २६,००० डीपीआयच पुढे येतो.

माझ्या भाच्याचं प्रकरण इथे सांगण्यासारखं आहे. त्याने पुण्यात तापकीर गल्लीतून एक माउस आणला होता. खोक्यावर १२,८०० डीपीआय, सात रंगांचे दिवे, बाजूला भरपूर बटणं. महिन्याभराने म्हणाला, “मामा, माझा नेमच बसत नाही. हळू असताना ठीक असतं, पण कुणी मागून आलं की माझी नजर थेट पायाशी जाते.” तो स्वतःच्या हाताला दोष देत होता. मी म्हटलं, आधी माउस तपासू. ही तपासणी कुणालाही जमण्यासारखी आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिल्यांदा विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये जाऊन `Enhance pointer precision` समोरची खूण काढली. ती खूण असली की हात वेगात हलताना विंडोज स्वतःच बाणाचं अंतर वाढवते आणि निर्दोष माउसही दोषी ठरतो. बाणाचा वेग मधल्या खुणेवर आणला. मग पेंट उघडलं; बाण कुठल्या पिक्सेलवर आहे ते त्यात खालच्या कोपऱ्यात दिसतं. टेबलावर शाळेतली पट्टी चिकटवली, माउस ८०० वर लावला आणि पट्टीला टेकवून बरोबर दोन इंच सरकवला. बाण १६०० पिक्सेल जायला हवा होता. तो १९०० च्या आसपास गेला. डीपीआयमध्ये थोडाफार फरक चांगल्या माउसमध्येही असतो आणि सेन्सिटिव्हिटी कमी-जास्त करून तो भरून काढता येतो, म्हणून एवढ्याने मी काही बोललो नाही.

पुढची परीक्षा वरच्या सेटिंगची. १२,८०० वर लावून माउस शक्य तितका हळू, बोटाच्या टोकाने ढकलला आणि कोपऱ्यातले आकडे बघत राहिलो. ते एकेकाने वाढायला हवे होते, पण उड्या मारत होते; मधले पिक्सेल बाणाला सापडतच नव्हते. याचा अर्थ सेन्सर मोजत होता थोड्याच नोंदी आणि माउसची चिप प्रत्येक नोंद दोनदा, चारदा सांगत होती. खोक्यावरचे असे अनेक मोठे आकडे याच गुणाकारातून आलेले असतात.

खरी परीक्षा शेवटी. व्हॅलोरंटच्या सराव मैदानात भिंतीवरच्या एका खुणेवर नेम धरला. पॅडवर माउसच्या डाव्या कडेला चिकटपट्टीचा एक तुकडा लावला आणि वीसेक सेंटिमीटरवर दुसरा. भाच्याला सांगितलं, इथून तिथे जमेल तितक्या जोरात ने आणि परत सावकाश पहिल्या तुकड्यापाशी आण. सेन्सर खरा असेल तर नेम पुन्हा त्याच खुणेवर यायला हवा. त्याचा नेम कधी दारापाशी थांबला, कधी पार छताकडे गेला. हाच वार जरा कमी वेगाने केला की सगळं सुरळीत. हाताचा दोष असता तर तो दोन्ही वेळा दिसला असता. वेग वाढला की बिघडतं आणि वेग उतरला की सुधारतं, तेव्हा ती सेन्सरची मर्यादा असते.

पेंटमध्ये आणखी एक खोड पकडता येते. हातानेच एक लांब, किंचित तिरकी रेघ ओढा. माणसाच्या हाताची रेघ थरथरती यायला हवी. ती पट्टीने आखल्यासारखी सरळ आली तर माउस तुमची रेघ परस्पर सुधारतोय. याला अँगल स्नॅपिंग म्हणतात. नेमबाजीच्या खेळात ती सुधारणा घातक असते, कारण शत्रू सरळ रेषेत चालत नाही. काही माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये ती बंद करता येते. जिथे येत नाही तो माउस घेऊ नये.

सेन्सरनंतर हल्ली जोरात विकला जाणारा आकडा म्हणजे पोलिंग रेट. माउस आपल्या नोंदींचा हिशेब संगणकाला सेकंदाला किती वेळा देतो, तो हा दर. कार्यालयातला साधा माउस सहसा १२५ वेळा देतो, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी. १००० हर्ट्झचा माउस दर मिलिसेकंदाला देतो. नवे माउस ४००० आणि ८००० हर्ट्झचे आहेत. १२५ वरून १००० वर गेलात तर सरासरी साडेतीन मिलिसेकंद वाचतात. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर दर सात मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, त्या मानाने ही बचत भरीव आहे आणि हाताला जाणवते. १००० वरून ८००० वर गेलात तर वाचतो अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी वेळ.

शिवाय सांगायला काही असेल तरच वरचेवर सांगण्यात अर्थ. ८०० डीपीआयवर बारीक नेम धरताना हात सेकंदाला तीन इंच हलत असेल तर एकूण नोंदी होतात २४००. हिशेब ८००० वेळा द्यायचा म्हटलं तर बहुतेक फेऱ्या रिकाम्या जातात. ८००० हर्ट्झ वापरायचेच असतील तर डीपीआय १६०० किंवा त्याहून वर न्यावा लागतो, मॉनिटर खूप वेगवान लागतो आणि प्रोसेसरही दमदार लागतो, कारण माउसच्या प्रत्येक हिशेबाला त्याला हातातलं काम थांबवून उत्तर द्यावं लागतं. चार-पाच वर्षांपूर्वीच्या संगणकावर ८००० लावून काही खेळांत चित्र अडखळतं, आणि मग लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देतात. बिनतारी माउसची बॅटरीही त्या दराला फार लवकर संपते. १००० पुरे.

बिनतारी माउस घेणाऱ्यांनी एवढं मात्र पाहावं, की तो ब्लूटूथवर खेळत नाही आहात ना. ब्लूटूथचा दर साध्या माउसइतकाच राहतो. सोबत आलेला २.४ गिगाहर्ट्झचा छोटा रिसीव्हर वापरावा, तोही कॅबिनेटच्या मागे यूएसबी ३ च्या बंदरात खुपसून ठेवू नये. यूएसबी ३ च्या वर्दळीचा गोंगाट नेमका त्याच रेडिओ पट्ट्यात पडतो आणि माउस मध्येच थबकतो. रिसीव्हर वायरीने पुढे आणून पॅडजवळ ठेवला की बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.

आता वजन. गेल्या काही वर्षांत जाहिराती ग्रॅम-ग्रॅम मोजू लागल्या आहेत, आणि यात डीपीआयपेक्षा जास्त तथ्य आहे. पण ते सगळ्यांसाठी सारखं नाही. मनगटापुढचा पंजाच साधारण साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा असतो. जो खेळाडू कोपरापासून हात फिरवून खेळतो तो प्रत्येक वेळी पंजा आणि अर्धा बाहू मिळून दीडएक किलो हलवत असतो. त्याच्या हातात शंभर ग्रॅमचा माउस असला काय आणि साठ ग्रॅमचा असला काय, थांबवायच्या एकूण ओझ्यात फार फरक पडत नाही. पण जो नुसत्या बोटांच्या टोकांनी माउस पुढे-मागे खेचतो, त्याचा पंजा टेबलावर स्थिर असतो आणि हलतात फक्त बोटं. त्याच्यासाठी माउसचं वजन हेच मुख्य ओझं. चाळीस ग्रॅम कमी झाले की लक्ष्याच्या पुढे घसरत जाणारा नेम जागेवर थांबायला लागतो. म्हणजे वजनाचा निर्णय आपण माउस धरतो कसा, यावर ठरतो. आधी पकड पाहायची, मग ग्रॅम.

वजनाबरोबर ते कुठे आहे हेही पाहावं. बिनतारी माउसमध्ये पेन्सिल सेल असेल तर साध्या अल्कलाइन सेलचे सुमारे २३ ग्रॅम शरीरात एकाच जागी बसतात. माउस उचलला की एक बाजू झुकते. त्याच मापाचा लिथियम सेल सुमारे १५ ग्रॅमचा मिळतो. एवढ्या साध्या बदलाने वजन आणि झुकणं दोन्ही कमी होतं. तारेच्या माउसमध्ये जाड, ताठ वायर पॅडच्या कडेला अडकून ओढ देते. ती ओढ पाच-दहा ग्रॅम वजनापेक्षा जास्त त्रास देते, आणि ती वजनाच्या आकड्यात धरलेलीच नसते.

पकडीचे तीन प्रकार सांगितले जातात. पामग्रिपमध्ये पूर्ण तळवा माउसवर पसरतो आणि बोटं बटणांवर आडवी पडतात. क्लॉग्रिपमध्ये तळव्याची फक्त मागची कड टेकते आणि बोटं कमानीसारखी उभी राहतात. फिंगरटिपमध्ये तळवा पूर्ण हवेत असतो, स्पर्श फक्त बोटांच्या टोकांचा. ‘तुझी पकड कुठली?’ असं विचारलं की माणूस हात सावरून बसतो आणि चुकीचं उत्तर देतो. त्यापेक्षा फोन टेबलावर बाजूला टेकवून अर्धा तास खेळतानाचं चित्रण करावं, आणि चुरशीच्या क्षणी हात कसा होता ते मागाहून बघावं. आणखी एक साधी खूण आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत तासभर खेळून झालं की माउस उचलून दिव्याखाली तिरका धरा. काळ्या प्लास्टिकवर घामाचा ओला ठसा दिसतो. पाठीवर पसरट डाग असेल तर तळवा टेकतोय. शेपटीकडे अर्धचंद्रासारखी कड आणि बटणांच्या टोकांशी ठिपके असतील तर क्लॉ. पाठ कोरडी आणि फक्त कडांना व बटणांना ठिपके असतील तर फिंगरटिप. भाच्याचा ठसा अर्धचंद्राचा होता.

मग हाताचं माप घ्यायचं. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लांबी, आणि अंगठा सोडून चार बोटांच्या बुंध्याशी रुंदी. खेळणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा रुळलेला आहे, की माउसची लांबी आणि पकडीची रुंदी हाताच्या मापाच्या सुमारे साठ टक्के असावी. तळवा टेकवणाऱ्याने थोडी वर जावं, बोटांनी खेळणाऱ्याने थोडी खाली. हा नियम नाही, पण दुकानातल्या चाळीस माउसमधून पाच वेगळे काढायला तो उपयोगी पडतो. भाच्याचा हात १८.३ सेंटिमीटर लांब आणि ८.४ रुंद भरला. साठ टक्के म्हणजे लांबी अकरा सेंटिमीटर, रुंदी पाच. त्याचा जुना माउस होता तेरा सेंटिमीटरचा आणि बटणांच्या गर्दीमुळे बराच रुंद. एवढ्याशा तळव्याने तो उचलायचा म्हणजे अंगठा आणि करंगळी ताणून दाबायला लागायचं. कमी सेन्सिटिव्हिटीवर खेळणारा माणूस पॅड संपलं की माउस उचलून पुन्हा मध्ये आणतो, असं एका डावात कित्येकदा होतं. संध्याकाळी त्याचा अंगठा दुखायचा त्याचं कारण हे होतं.

उचलण्यावरून सेन्सरची आणखी एक परीक्षा होते. माउस वर उचलला की सेन्सरने लगेच बघणं थांबवायला हवं. तो जास्त उंचीपर्यंत बघत राहिला तर प्रत्येक उचलीबरोबर नेम थोडा सरकतो. घरात जुनी सीडी असेल तर ती पॅडवर ठेवून तिच्या भोकावर सेन्सर येईल असा माउस ठेवा आणि हलवा. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते. एका सीडीवर बाण हलला तर चालेल. दोन सीडी एकावर एक ठेवूनही हलत असेल तर तो सेन्सर कमी सेन्सिटिव्हिटीच्या खेळाडूला त्रास देणार.

आता भाच्याच्या कागदावर काय काय होतं? सेन्सर २०० आयपीएसच्या खाली नको. १००० हर्ट्झ हवेत. लांबी अकरा-साडेअकरा सेंटिमीटर. पकड क्लॉ आणि खेळणं निम्मं हाताने, निम्मं मनगटाने, तेव्हा वजन नव्वदच्या आत असलं की पुरे. साठ ग्रॅमसाठी तिप्पट पैसे मोजायचं कारण नाही. तार चालेल. या चाळणीतून बरंच काही गळलं. रेझरचा डेथॲडर इसेन्शियल सेन्सरला उत्तम, पण १२.७ सेंटिमीटर लांब आणि ९६ ग्रॅमचा. मोठ्या हाताच्या आणि तळवा टेकवणाऱ्या माणसाला मी तो डोळे मिटून सुचवेन, याला नाही. लॉजिटेकचा जी३०४ आकाराने बसत होता, बिनतारीही होता, पण सेलसकट ९९ ग्रॅम. त्याच साच्यातला तारेचा जी१०२ हा ११.७ सेंटिमीटर लांब आणि ८५ ग्रॅमचा. सेन्सरची वेगमर्यादा २०० आयपीएस, दर १००० हर्ट्झ. त्याची रुंदी सहा सेंटिमीटरच्या थोडी वर आहे, ठोकताळ्यापेक्षा जास्त. म्हणून आधी मित्राकडचा जी१०२ दोन संध्याकाळी मागून आणायला लावला. अंगठ्याने तक्रार केली नाही. चिकटपट्टीच्या परीक्षेत नेम दर वेळी खुणेवर परत आला. मग घेतला.

त्याच्या खोक्यावरचा आकडा ८,००० आहे, जुन्यापेक्षा ४,८०० ने कमी. भाचा तो ८०० वर चालवतो.

तुम्ही माउस घेणार असाल तर विक्रेत्याला सेन्सरचं नाव विचारा. त्याला माहीत नसेल तर निर्मात्याच्या माहितीपत्रकात बघा. तिथेही नाव आणि आयपीएस दोन्ही नसतील तर तो माउस खाली ठेवा. शक्य असेल तर कुणाचा तरी तसाच माउस आधी हातात घेऊन खेळा. आणि विकत घेतल्यावर पट्टीची, चिकटपट्टीची आणि सीडीची परीक्षा पहिल्या दोन दिवसांतच उरका. खोकं आणि पावती तोवर टाकू नका, कारण माउस बदलून मिळण्याची मुदत बहुतेक ठिकाणी फार थोडी असते.